पिवळ्या कागदावरची फिकी शाई: कॉपी काढताना आधी काय लावायचं, शेवटी काय

प्रश्न: माझ्याकडे हाताने लिहिलेली जुनी पत्रं आहेत. कागद पिवळा पडलाय, शाई तपकिरी होऊन फिकी झालीय, आणि कागद पातळ असल्याने मागच्या बाजूचंही दिसतं. प्रिंटरवर कॉपी काढली की पान करडं येतं. Remove Background लावलं तर पान पांढरं होतं पण अर्धी अक्षरं जातात, आणि कॉन्ट्रास्ट वाढवला तर शाई आणखीच फिकी दिसते. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने लावायचं?

उत्तर: क्रम असा ठेवा. आधी पानामागे काळा कागद, मग Density गडदकडे, मग Contrast, आणि Remove Background अगदी शेवटी, तेही सगळ्यात खालच्या पायरीपासून. बहुतेक जण बरोबर उलटे जातात, कारण डोळ्याला आधी खुपतो तो करडा कागद, आणि तो घालवायचं बटण समोरच असतं. पण त्या बटणाला कागद कोणता आणि शाई कोणती हे मुळात कळतच नाही. त्याला कळतो फक्त उजेड.

मशीन पानाचा प्रत्येक ठिपका उजेडाच्या मापाने वाचतं. आपल्या सोयीसाठी ० म्हणजे ठार काळा आणि १०० म्हणजे शुभ्र पांढरा असं माप धरू. कोरा नवा कागद ९५च्या आसपास भरेल. तुमचा पिवळा कागद समजा ७८ आहे. जिथे टाक दाबला गेलाय ती ठळक रेघ ४०, आणि जिथे हात हलका होता ती फिकी रेघ ६८. हे आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत, मशीनच्या आतलं गणित इतकं सरळ नसतं. पण गोष्टी ज्या दिशेने सरकतात ती दिशा हीच असते.

Remove Background हे एक कापणी करतं. ठरावीक मापापेक्षा जे उजळ, ते सगळं पांढरं. खालच्या पायरीवर ही कापणी समजा ८५ला होते, मधल्यावर ७५ला, वरच्यावर ६५ला. खालच्या पायरीवर तुमच्या ७८च्या कागदाला काहीच होत नाही, म्हणून पान करडंच राहतं आणि माणूस वैतागून थेट वरची पायरी दाबतो. तिथे कागद जातो, आणि त्याबरोबर ६८ची फिकी रेघही जाते. ठळक रेघा उरतात. म्हणून ‘अर्धी अक्षरं’ जातात. कुठली अर्धी हे नशिबावर नसतं, लिहिताना हात जिथे हलका पडला तीच जातात.

कॉन्ट्रास्टने आणखी फिकं का झालं, हेही याच मापात दिसतं. कॉन्ट्रास्ट मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे ताणतो. ५०च्या वरचं आणखी उजळ, ५०च्या खालचं आणखी गडद. तुमचा कागद आणि तुमची फिकी रेघ दोन्ही ५०च्या वरच आहेत. दीडपट ताण दिला तर कागद ७८वरून ९२वर जातो आणि रेघ ६८वरून ७७वर. दोघांमधलं अंतर १०चं १५ झालं खरं, पण रेघ आधीपेक्षा उजळ झाली. छापून आल्यावर ती डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. ठळक रेघ मात्र मधल्या बिंदूच्या खाली असल्याने आणखी काळी होते. पानावर ठळक आणखी ठळक आणि फिकं आणखी फिकं, असा विचित्र प्रकार होतो.

म्हणजे कॉन्ट्रास्टला हात लावण्यापूर्वी एक काम करायला हवं. मधला बिंदू कागद आणि फिकी रेघ यांच्या मधोमध यायला हवा. मशीनवर तो बिंदू हलवता येत नाही, पण अख्खं पान गडद करून कागद-रेघेची जोडी त्याच्या दोन बाजूंना आणता येते. Density त्यासाठीच असतं.

पण त्याआधी मागून दिसणाऱ्या अक्षरांचा बंदोबस्त करायला हवा. ती तशीच राहिली तर पुढचं सगळं त्यांनाही गडद करेल.

प्रिंटरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते. पातळ कागदातून दिव्याचा उजेड आरपार जातो, त्या पांढऱ्यावर आपटतो आणि परत येतो. मागच्या बाजूला जिथे शाई आहे तिथे तो अडतो, म्हणून तिथे पुढून सावली दिसते. ही सावली समजा ७० भरते. तुमची फिकी रेघ ६८. दोन मापांच्या फरकावर कोणतंही बटण यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून पानाच्या पाठीवर एक मॅट काळा कागद ठेवा. चकचकीत नको, तो दिव्याचा उजेड परत फेकतो. आता आरपार गेलेला उजेड परत येतच नाही, ना शाईमागून ना कोऱ्या जागेमागून. सगळं पान थोडं मळकट दिसतं, कागद ७८वरून समजा ७२वर येतो, फिकी रेघ ६८वरून ६२वर. पण मागची अक्षरं ७०च्या आसपासच राहतात, म्हणजे जवळपास कागदातच विरघळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की काळ्या कागदाने काम बिघडवलं, कारण पान आधीपेक्षा काळपट आलं. पान एकसारखं काळपट असलं तर ते पुढे काढता येतं. त्यात मिसळलेली उलटी अक्षरं काढता येत नाहीत.

काळा कागद पत्रापेक्षा किंचित लहान कापा. मोठा असेल तर कॉपीच्या चारी बाजूंना जाड काळी चौकट येते. टोनर वाया जातो ते सोडा, पण मशीन पार्श्वभूमी आपोआप ओळखत असेल तर ती चौकट त्याला फसवू शकते. आणि एक मर्यादा. शाई कागदात झिरपून दुसऱ्या बाजूला खरोखर उतरली असेल तर काळ्या कागदाने फरक पडत नाही. पत्र काळ्या कागदावर ठेवून वरून उजेडात पाहा. मागचं लिखाण तरीही स्पष्ट दिसलं तर ते झिरपलेलं आहे, आणि तिथे प्रिंटरवरच्या बटणांकडून फार आशा धरू नका.

आता पॅनेलकडे. ‘आपोआप’वाली सगळी सेटिंग्ज आधी बंद करा. Auto Density, Auto Exposure अशी नावं असतात. ही सेटिंग्ज रोजच्या छापील कागदांसाठी ठीक आहेत, पण जुन्या कागदावर प्रत्येक वेळी मशीनच वेगळा निर्णय घेत राहिलं तर तुम्ही केलेल्या बदलाचा परिणाम कोणता आणि मशीनचा कोणता हे कळत नाही. टोनर किंवा शाई वाचवण्याचं सेटिंगही बंद करा, ते फिकी रेघच आधी खातं.

मूळ कागदाचा प्रकार विचारला जातो तिथे Text निवडायचा मोह होतो. हातची फिकी अक्षरं असतील तर Text/Photo पासून सुरुवात करा. Text मध्ये मशीन जवळपास दोनच निर्णय घेतं, काळं की पांढरं, आणि मधल्या छटा कुठेतरी ढकलून देतं. स्पष्ट छपाईसाठी ते उत्तम, पण तुमचं सगळं काम त्या मधल्या छटांमध्येच आहे. नुसतं Photo घेतलं तर उलट छटा टिकतात पण अक्षरांच्या कडा मऊ पडतात. काही मशीनवर फिक्या मूळ कागदासाठी किंवा पेन्सिलसाठी वेगळा पर्याय असतो, तो असेल तर एक कॉपी त्यावर जरूर काढून पाहा.

मग Density. एकेक पायरी गडदकडे जा. काही मशीनवर याच्या जागी Lightness असतं, तिथे उलट, वजाकडे जायचं. आपल्या हिशेबात १७ मापं गडद केलं तर कागद ७२वरून ५५वर आणि फिकी रेघ ६२वरून ४५वर येते. ठळक रेघ काळ्या कागदानंतर समजा ३६ होती, ती आता १९. ही कॉपी पाहून घरातला माणूस म्हणेल, ‘हे काय काळं करून ठेवलंय!’ म्हणू द्या. इथे पानाच्या रूपाकडे बघायचं नाही, फिकी रेघ कागदापासून सुटी दिसते का तेवढंच बघायचं.

आता Contrast. दुप्पट ताण दिला तर कागद ५५चा ६० होतो, फिकी रेघ ४५ची ४०, आणि ठळक रेघ काळी ठार. अंतर १०चं २० झालं, आणि या वेळी रेघ उजळ न होता गडद झाली. तोच कॉन्ट्रास्ट, पण आधी Density लावल्यामुळे उलट दिशेने काम करतो.

शेवटी Remove Background. नाव वेगळं असू शकतं, कुठे Background Suppression, कुठे Background Cleanup. Background Density असेल तर त्याची पट्टी फिक्याकडे न्यायची. खालची पायरी लावा आणि छापा, मग पुढची. आता कागद आणि रेघ यांच्यात जागा असल्याने कापणी त्या दोघांच्या मध्ये पडायची शक्यता आधीपेक्षा जास्त आहे. मशीनच्या आत आधी कापणी होते की आधी गडद करणं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून कोणती पायरी बरोबर हे मी इथून सांगू शकत नाही. पण खूण सांगू शकतो. एका पायरीवर करडेपणा बराच कमी झाला आणि अक्षरं तशीच आहेत, तर ती पायरी ठेवा. पुढच्या पायरीवर पान आणखी स्वच्छ झालं पण एखादी काना-मात्रा गेली, तर मागे या. करड्याचा थोडा अंश राहिला तर राहू द्या.

तो सगळाच राहू द्या असं मात्र म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. काळं-पांढरं लेझर मशीन करडा रंग छापतच नाही, ते बारीक काळे ठिपके छापतं. गडद करडी पार्श्वभूमी म्हणजे दाट ठिपके. बारीक रेघ त्या ठिपक्यांत फसली की तिची कड दातेरी होते, आणि जोडाक्षरं वाचताना डोळा अडखळतो. यावर एक सोपा उपाय म्हणजे कॉपी ११५ ते १२५ टक्के मोठी काढणं. अक्षराची रेघ रुंद होते, ठिपक्यांचा आकार तोच राहतो, त्यामुळे रेघ सुटी दिसते. पान A4 पेक्षा लहान असेल तर हे फुकटात होतं. पत्रांचे कागद बहुधा लहानच असतात.

कॉपी तपासायची कशी, यावर थोडं थांबतो, कारण चूक इथेच लपते. पान हातात धरून ‘छान आलं’ म्हणू नका. देवनागरीत शिरोरेघ आणि उभे दांडे जाड असतात, ते टिकतात आणि अख्खा शब्द टिकल्याचा भास होतो. जातात त्या बारीक गोष्टी. अनुस्वार सगळ्यात आधी जातो, कारण तो एकटा ठिपका असतो आणि जुन्या कागदावरच्या डागांसारखाच दिसतो. मग रफार, मग मात्रेचं टोक. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ गेली की ‘व’ उरतो. ‘ष’चा ‘प’ होतो. शब्द वाचता येतो, फक्त दुसरा. मूळ पत्रात असा एक परिच्छेद निवडा ज्यात फिक्या हाताचे अनुस्वार आणि ‘ब’, ‘ष’ आहेत. प्रत्येक कॉपीत तोच परिच्छेद मूळ पत्राशेजारी ठेवून भिंगातून बघा. उलट बाजूची चूकही याच परिच्छेदात दिसते. जास्त गडद केलं असेल तर ‘ध’, ‘भ’, ‘म’ यांच्या गाठी भरून काळे गोळे होतात. अनुस्वार टिकलेत आणि गाठी उघड्या आहेत, अशी जी पायरी सापडेल ती तुमची.

दर कॉपीच्या मागे पेन्सिलने सेटिंग लिहून ठेवा, ‘गडद ३, कॉन्ट्रास्ट २, पार्श्व १’ असं. एका वेळी एकच गोष्ट बदला. बरीच मशीन काही वेळ हात लागला नाही की सगळं मूळ सेटिंगवर नेतात. तुम्ही भिंगातून बघत बसता, तेवढ्यात पॅनेल गुपचूप शून्यावर आलेलं असतं, आणि पुढची कॉपी का बिघडली हे कळत नाही. कॉपी काढायच्या आधी आकडे पुन्हा बघायचे, एवढंच.

पत्र काचेवरच ठेवा. वरच्या फीडरमधून जुना कागद कधीही घालू नका, रोलर घडीवर फाडतो आणि तो फाटलेला कागद आत अडकतो. काच आधी पुसा, कारण Density गडद केल्यावर काचेवरची धूळही अनुस्वारासारखी छापते. घडी पडलेली असेल तर पत्र दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर पुस्तकाचं वजन देऊन एखादा दिवस राहू द्या. घरगुती प्रिंटरमधला सेन्सर बहुधा काचेला टेकलेलंच नीट वाचतो. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचललेली घडी काळपट आणि धूसर येते, आणि ती काळपट पट्टी कोणत्याही सेटिंगने जात नाही. कडक झालेला कागद मात्र दाबायला जाऊ नका, घडीवरच तुटेल.

आता डाग. पत्रावर पाण्याचा किंवा बोटांचा तपकिरी डाग असेल तर या सगळ्या हिशेबाला तिथे खीळ बसते. आपल्या मापात तो डाग समजा ५५ आहे आणि त्याच्या शेजारची फिकी रेघ ६२. म्हणजे डाग शाईपेक्षा गडद आहे. कापणी कुठेही करा, डाग आधी जाईल आणि रेघ राहील असं होणारच नाही. Density आणि Contrast लावल्यावर तर डाग २६वर येऊन काळा ढग बनतो, आणि त्यात जे लिहिलंय ते गिळून टाकतो. अशा पानाच्या दोन कॉपी काढा. एक बाकीच्या पानासाठी वर सांगितलेल्या सेटिंगवर, दुसरी डागाच्या जागेसाठी, Density मूळ जागेवर आणि Remove Background बंद ठेवून. दुसऱ्या कॉपीत बाकीचं पान फिकं येईल, पण डागातले शब्द निदान वाचता येतील.

मशीन रंगीत असेल तर डागाच्या पानासाठी आधी रंगीत कॉपी काढून बघा, पान काळं-पांढरं हवं असलं तरी. काळ्या-पांढऱ्या कॉपीत तपकिरी डाग आणि निळसर शाई एकाच करड्या मापावर येऊ शकतात, रंगात ते वेगळे राहतात. डोळ्याला तेवढा फरक पुरतो.

आणि तेही पुरलं नाही तर कॉपीचा नाद सोडून ३०० किंवा ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, कुठलीही सफाई न लावता. मग GIMP या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये Colors > Components > Decompose ने त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे करडे थर करता येतात. तिन्ही एकेक करून बघा. शाई अजून निळी किंवा काळी असेल तर लाल थर घ्या. त्यात पिवळा कागद आणि तपकिरी डाग दोन्ही उजळ होतात आणि शाई गडदच राहते, कारण निळी शाई लाल उजेड शोषते. तुमची शाई तपकिरी झाली असेल तर लाल थरात डागाबरोबर तीही उडेल, म्हणून तिथे हिरवा थर आधी बघा, मग निळा. निळ्यात तपकिरी शाई सगळ्यात गडद दिसते, पण पिवळा कागदही काळवंडतो, त्यामुळे कोणता सरस हे त्या त्या पानावर ठरतं. पत्रावर लाल शिक्का असेल तर तो लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. शिक्का हवा असेल तर हिरवा घ्या, आणि शिक्क्याखाली दबलेली निळी-काळी अक्षरं वाचायची असतील तर नेमका लालच कामाचा.